नर्सिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये कमी मार्क दिलेत, परीक्षा समितीला पत्रात नेमकं काय लिहू?

‘मार्क वाढवा’ असं न लिहिता ‘माझी गुणपत्रिका आणि चेकलिस्ट तपासा’ अशी मागणी करा. लेखी पेपर पुन्हा तपासता येतो, पण प्रॅक्टिकल परीक्षकांच्या समोर होऊन संपतं. हात कसा चालला हे समितीला नंतर दिसत नाही. तिला दिसतो फक्त कागद. म्हणून कागदावरच बोट ठेवा: तारीख, सीट नंबर, स्टेशन आणि वादाचा एकच मुद्दा. उदाहरणार्थ: ‘इंजेक्शनच्या स्टेशनवर मी औषधाचं लेबल तीनदा तपासलं, सुई शार्प्सच्या डब्यात टाकली, नोंद करून सही केली. या पायऱ्यांचे गुण धरले आहेत का आणि व्हायव्हाचे गुण बेरजेत आले आहेत का, हे पाहावं.’ परीक्षक चिडले होते वगैरे लिहू नका, आणि रुग्णाचं नाव तर अजिबात नको. पत्र प्राचार्यांमार्फत द्या, पोच घ्या. हे अंतर्गत परीक्षेला लागू पडतं, तेही गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलचे गुण कॉलेजची समिती बदलू शकत नाही. तिथे अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडेच जातो आणि सहसा बेरीज व नोंदीच तपासल्या जातात.