‘सदर्न रॉक’मधलं ‘सदर्न’

प्रश्न: ‘सदर्न रॉक’मधलं ‘सदर्न’ म्हणजे नुसती दिशा का? लेखात ‘दाक्षिणात्य रॉक’ लिहिलं तर चालेल?

‘दाक्षिणात्य’ नको, वाचकाला चेन्नई-हैदराबाद आठवेल. ‘सदर्न रॉक’ असंच राहू द्या. हे ‘सदर्न’ म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग, पण ते दिशेपुरतं नाही. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली, यादवी युद्धात हरलेली आणि पुढे वंशभेदाच्या कायद्यांमुळे बदनाम झालेली राज्यं त्यात आहेत. बाहेरच्यांनी नावं ठेवली की तिथला माणूस ‘आम्ही असेच’ म्हणून उभा राहतो. हा ताठा त्या शब्दात आहे.

१९७४ चं ‘स्वीट होम अलाबामा’ ऐका. कॅनडाचे गायक नील यंग यांनी दोन गाण्यांतून दक्षिणेच्या वंशद्वेषावर कोरडे ओढले होते. लिनर्ड स्किनर्ड या बँडने त्यांचं नाव घेऊन, तुमची इथे गरज नाही, असं सुनावलं. गंमत म्हणजे हा बँड अलाबामाचा नव्हेच, तो फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. गाण्याची सुरुवातीची धून ज्याची, तो एड किंग तर कॅलिफोर्नियाचा. म्हणजे हा अभिमान एका राज्याचा नाही, अख्ख्या प्रदेशाचा.

पण गाण्यातली एक जागा नीट ऐकायला हवी. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये लोकांना गव्हर्नर फार आवडतो, अशी ओळ येते आणि लगेच मागून ‘बू बू बू’ ऐकू येतं. हे गव्हर्नर म्हणजे जॉर्ज वॉलेस, १९६३ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभे राहिलेले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मेल्या होत्या. मग ही हुर्यो वॉलेसची की त्यांना नावं ठेवणाऱ्यांची? बँडवाले म्हणत, वॉलेसची. अनेक श्रोत्यांनी मात्र ती ओळ कौतुकाचीच धरली. पुढे अध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट घोटाळ्याचा टोमणा आहे, दक्षिणेला नावं ठेवणाऱ्यांना: तुमच्या घरातलं आधी बघा. मागे कोरसला मेरी क्लेटन आणि क्लायडी किंग या कृष्णवर्णीय गायिका आहेत, हेही विसरू नका.

शब्दाचा अर्थ खरा चिकटला तो मंचामुळे. बँडच्या मागे कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे यादवीत फुटून निघालेल्या त्या राज्यांचा झेंडा, लागायचा. ती रेकॉर्ड कंपनीची क्लृप्ती, असं गायक रॉनी व्हॅन झँट यांनीच सांगितलं होतं. विक्रीसाठी लावलेला असला तरी गोऱ्या चाहत्यांना तो आपला वाटला आणि कृष्णवर्णीयांना त्यात गुलामगिरी दिसली. एवढा गुंता ‘सदर्न’ या एका विशेषणात बसलाय.

तरी सगळा सदर्न रॉक झेंड्याखालचा समजू नका. जॉर्जियातल्या मेकनला तळ ठोकलेल्या ऑलमन ब्रदर्स बँडमध्ये पहिल्यापासून जेमो हा कृष्णवर्णीय ड्रमर होता, आणि जिमी कार्टर यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी त्यांनी निधीचा कार्यक्रमही केला. ग्रेग ऑलमन यांना तर हे लेबलच पटत नसे. रॉक जन्मला तोच दक्षिणेत, त्याला आणखी ‘सदर्न’ कशाला, असा त्यांचा सवाल.