रिव्हॅल्युएशनची तारीख हुकली, पण पेपर अजून मागता येतो

*"सर, बी.कॉम. सेम सहाचा रिझल्ट 3 जूनला ऑनलाइन लागला. कॉस्टिंगला 70 पैकी 26, पासिंगला 28 लागतात. 5 जूनला कॉलेजच्या ऑफिसात गेले तर म्हणाले मार्कशीट आल्यावर ये. मार्कशीट 24 जूनला आली, तेव्हा म्हणतात फोटोकॉपीची मुदत 13 जूनलाच संपली आणि फोटोकॉपी नाही तर रिव्हॅल्युएशनही नाही. सर्क्युलरमध्ये 'निकाल ऑनलाइन जाहीर झाल्याच्या तारखेपासून 10 दिवस' असं आहे. आरटीआयने पेपर मिळेल का? मिळाला तर रिव्हॅल्युएशन होईल का? की कोर्टात जाऊ?"*

अगं, सर्क्युलरची ओळ तूच मला पाठवलीस आणि त्यातला 'ऑनलाइन' हा शब्द वाचलाच नाहीस. सगळं तिथेच अडलंय. दर जून-जुलैत अशी पत्रं येतात आणि प्रत्येकाला वाटतं की मार्कशीट हातात आली तेव्हापासून दिवस मोजायचे. मार्कशीट हा कागद आहे, निकाल वेबसाइटवर लागतो त्या दिवशी घड्याळ सुरू होतं. आणि 5 तारखेला ऑफिसात गेलीस हे चांगलं, पण नुसतं तोंडी विचारून परत आलीस. साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज देऊन त्याच्या झेरॉक्सवर आवक शिक्का घेतला असतास तर आज मी तुला वेगळं उत्तर दिलं असतं, कारण मग चूक कॉलेजची होती हे कागदावर दिसलं असतं. आता त्या क्लार्कना विचारलंस तर त्यांना तू आठवणारही नाहीस.

आता एक गोष्ट नीट समजून घे, कारण लोक हे दोन हक्क एकत्र कालवतात. पेपर बघायचा हक्क वेगळा आणि पेपर पुन्हा तपासून घ्यायचा हक्क वेगळा.

पेपर बघायचा हक्क माहिती अधिकार कायद्यातून येतो. सुप्रीम कोर्टाने 2011 साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि विद्यार्थ्याला ती बघता येते, तिची प्रत घेता येते, बोर्डाचे नियम आड आले तरी. तपासणाऱ्याचं नाव-सही झाकून देतील, ते बरोबरच आहे. त्यामुळे विद्यापीठाची 10 दिवसांची मुदत संपली म्हणून हा रस्ता बंद होत नाही. 'आमच्या पद्धतीनेच आणि आमचीच फी भरून या' असं ते म्हणतील, तर 2019 चा कंपनी सेक्रेटरींच्या इन्स्टिट्यूटचा निकाल दाखव, त्यात कोर्टाने दोन्ही रस्ते खुले ठेवलेत, आरटीआयने गेलीस तर आरटीआयचीच फी. पण त्याच 2011 च्या निकालात एक मेख आहे. पेपर विद्यापीठाकडे असेपर्यंतच मिळतो. जपून ठेवायची मुदत संपली की पेपर रद्दीत जातात, आणि ती मुदत प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, म्हणून मी आकडा सांगत नाही, घाई कर एवढंच सांगतो.

रिव्हॅल्युएशनचा हक्क मात्र फक्त विद्यापीठाच्या नियमातून येतो. नियमात जेवढं दिलंय तेवढंच, ज्या मुदतीत दिलंय त्याच मुदतीत. हे आपल्याच राज्याच्या एसएससी-एचएससी बोर्डाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये सांगून ठेवलंय, आणि 2017 च्या रणविजय सिंह निकालात पुन्हा सांगितलं की नियमात नसेल तर कोर्टाने फेरतपासणीचा हुकूम अगदी विरळ प्रसंगीच द्यावा, आणि सहानुभूती म्हणून तर नाहीच. म्हणजे आरटीआयने कॉपी आली म्हणून रिव्हॅल्युएशनची मुदत पुन्हा उघडत नाही.

मग कॉपी घेऊन करायचं काय? तुला दोनच मार्क कमी आहेत म्हणून हे लिहितोय. कॉपी आली की आधी उत्तरं बरोबर की चूक हे बघत बसू नकोस, आधी बेरीज कर. समज, आत प्रश्न 3 ब ला 5 मार्क दिलेत आणि पहिल्या पानावरच्या तक्त्यात 3 ब चा चौकोन रिकामा आहे, मग 26 चे 31 होतात, आणि ही फेरतपासणी नाही, ही लिहिण्यातली चूक आहे, ती दुरुस्त करून मागायला तुझी बाजू बरीच भक्कम. तसंच एखादं उत्तर लिहिलंय पण त्यावर पेनाची खूणच नाही, किंवा पुरवणी जोडलेलीच नाही. तुमच्याकडे स्क्रीनवर तपासत असतील तर पानं मोजच, स्कॅन करताना पान राहतं. मुंबई विद्यापीठात 2017 ला ऑनस्क्रीन तपासणीचा जो गोंधळ झाला तो आठवत असेलच. पण 'सर, माझ्या उत्तराला 4 च्या जागी 6 मिळायला हवे होते' असं तुझं म्हणणं असेल तर सांगतो, तिथे काही होत नाही. मराठीत सांगायचं तर तो मास्तरांचा निर्णय.

आता काम. एक अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, एक्झाम सेक्शनच्या नावे नको, तिथे फाइल फिरत बसते. नमुना 'अ', 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत: सीट नंबर, विषय, पेपरची तारीख, मुख्य उत्तरपत्रिका आणि पुरवण्यांची साक्षांकित प्रत. कॉपीला पानाला 2 रुपये, म्हणजे 40 पानं असली तरी 80 रुपये. 'ही उत्तरपत्रिका अर्जाचा निकाल लागेपर्यंत नष्ट करू नये' ही ओळ विसरू नकोस. दुसरा अर्ज परीक्षा संचालकांना, कॉलेजमार्फत, 5 जूनला काय झालं ते लिहून उशीर माफ करावा अशी विनंती. हा मान्य होईल असं मला फारसं वाटत नाही, विद्यापीठाच्या अध्यादेशात उशिराच्या फीची सोय असेल तरच थोडी आशा. पण कॉलेजच्या आवक शिक्क्याने तो दे, पुढे कधी लागलाच तर.

आरटीआय 15 जुलैला दिलास तर 14 ऑगस्टपर्यंत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्यानंतर 30 दिवसांत, म्हणजे 13 सप्टेंबरपर्यंत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प. ही तारीख तरी कॅलेंडरवर लिहून ठेव. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आणि तिथली रांग बघता तोवर तुझी नोकरी लागलेली असेल.

कोर्टाचं म्हणशील तर आता नको. रिट पिटिशनमध्ये पहिला प्रश्न येईल की मुदतीत अर्ज केला होता का, आणि त्याला तुझ्याकडे उत्तर नाही. कॉपीत बेरजेची चूक सापडली आणि लेखी देऊनही विद्यापीठ दुरुस्त करत नाही, तर मग ये, तेव्हा बघू.

आणि कॉस्टिंगचा बॅकलॉगचा फॉर्म आत्ताच भरून टाक, कॉपीची वाट बघत बसू नकोस. त्याची शेवटची तारीख वेबसाइटवरच येते, घरी पत्र येत नाही.