क्रियापदातली चूक शोधताना ‘मी’ काढा आणि ‘तो’ घालून बघा

प्रश्न: मराठीच्या पेपरला एकाच वाक्यात चार ठिकाणी अधोरेखित असतं आणि त्यातलं एक क्रियापद चुकीचं असतं, ते पटकन कसं ओळखायचं? मला वाचताना चारही बरोबरच वाटतात.

चारही बरोबर वाटतात कारण तुम्ही कानाने ठरवताय, आणि आपला कान घरच्या बोलीत तयार झालेला असतो. मी लातूरकडचा, आमच्याकडे ‘मी काम केलो’ सर्रास बोलतात, त्यात बोली म्हणून काही चूक नाही, पण पेपर प्रमाण मराठीचा असतो आणि माझे सुरुवातीचे मार्क बरोब्बर इथेच जायचे.

हे वाक्य बघा, अशाच धर्तीचं असतं:

सुट्टीत मी गावी गेलो (अ), आजीच्या हातचे पिठले खाल्लो (ब), भरपूर ताक प्यायलो (क) आणि रात्री तिच्याशी खूप बोललो (ड).

सगळीकडे ‘लो’ आहे त्यामुळे वाचताना कुठंच अडखळायला होत नाही. आता ‘मी’ काढा आणि ‘तो’ घाला. तो गावी गेला, ठीक. तो पिठले खाल्ला? नाही ना, ‘त्याने पिठले खाल्ले’ म्हणावं लागतं. तो ताक प्यायला, ठीक. तो बोलला, ठीक. म्हणजे चूक ब मध्ये, तिथे ‘खाल्ले’ हवं.

हे का होतं ते एकदा समजून घ्या म्हणजे पाठ करायची गरज पडत नाही. भूतकाळात क्रियापद सकर्मक असलं की कर्त्याला सहसा ‘ने’ लागतो आणि मग क्रियापद कर्त्याचं न ऐकता कर्माचं ऐकतं, त्याने भाकरी खाल्ली, तिने आंबा खाल्ला (कर्मणी प्रयोग). पण मी, आम्ही, तू, तुम्ही यांना हा ‘ने’ दिसतच नाही! ‘मी भाकरी खाल्ली’ मध्येही तो आहे, फक्त लपलेला. ‘तो’ घातला की लपलेला ‘ने’ बाहेर येतो, एवढंच आपण करतोय. ‘त्याने’ म्हणावं लागलं की ‘लो’ चूक.

मग ताक प्यायलो कसं बरोबर, ताक पण कर्मच आहे की? इथेच बरेच जण घाईत क वर खूण करून येतात. काही मोजकी क्रियापदं कर्म असूनही ‘ने’ घेत नाहीत: पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे वगैरे. तो गणित शिकला, ती धडा विसरली. म्हणून उलटा सापळाही येतो, ‘मी (मुलगा) छत्री घरीच विसरली’. छत्री स्त्रीलिंगी म्हणून कानाला चालून जातं, पण ‘तो छत्री विसरला’ होतं, म्हणजे ‘विसरलो’ पाहिजे. ‘म्हणणे’ मात्र दोन्हीकडे जातं, तो म्हणाला पण त्याने कविता म्हटली, ते वेगळं लक्षात ठेवा.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे कर्म आणि क्रियापदाच्या आजूबाजूला बाकीची नामं पेरून ठेवायची. ‘तलाठ्याने पात्र शेतकऱ्यांच्या अर्जांची यादी कार्यालयाच्या फलकावर लावले.’ इथे फक्त विचारा, काय लावलं? यादी. तिला प्रत्यय नाही, म्हणून ‘लावली’. शेतकऱ्यांच्या, अर्जांची, फलकावर या सगळ्यांना काहीतरी चिकटलेलं आहे, क्रियापद त्यांच्याकडे बघत नाही.

कर्ता आणि कर्म दोघांनाही प्रत्यय असेल, जसं ‘सरांनी मुलींना बोलावले’, तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी राहतं. पण इथे जरा जपून. ‘आईने मुलीला शाळेत घातली’ असं वाक्यही व्याकरणाच्या पुस्तकांत कर्म-भाव संकर म्हणून दिलेलं असतं, त्यामुळे अशा ठिकाणी लगेच चूक म्हणून मोकळं होऊ नका, बाकीचे तीन आधी तपासा. तिकडे ‘मी खाल्लो’ सारखी ठाम चूक सापडली तर उत्तर तेच.

वेळेचं म्हणाल तर पोलीस भरतीला ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला ५४ सेकंद. पूर्ण वाक्य दोन-तीनदा वाचण्यात ते संपतात. मी वाक्य एकदाच वाचायचो आणि मग फक्त ला-ली-ले-लो वाल्या अधोरेखित शब्दांवर जायचो, प्रत्येकाला ‘तो की त्याने’ लावायचं, ‘त्याने’ आलं तर काय हे विचारायचं आणि पुढं. सरावाला जुन्या पेपरमधली वाक्यं घ्या, पण उत्तर बघण्याआधी प्रत्येक अधोरेखित शब्दापुढे ‘तो’ किंवा ‘त्याने’ पेन्सिलने खरंच लिहा, मला साधारण दोन आठवड्यांनी लिहायची गरज पडेनाशी झाली.