राइट्स, बायबॅक, डीलिस्टिंग: काहीच केलं नाही तर काय होतं?

प्रश्न: माझ्याकडे बऱ्याच कंपन्यांचे थोडे थोडे शेअर आहेत. कधी राइट्स इश्यूची, कधी बायबॅकची, कधी डीलिस्टिंगची ईमेल येते आणि मी ती तशीच सोडून देतो. यात माझं नुकसान होतंय का? भाग घ्यायचा की नाही, हे ठरवायचं कसं?

राइट्सची, म्हणजे आधीच्या भागधारकांना ठरावीक भावाने नवे शेअर देण्याची, ईमेल सोडून दिली असेल तर हो, बहुतेक वेळा नुकसान झालं आहे. बायबॅकची, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याची, सोडली असेल तर फारसं बिघडलं नाही, कधीकधी फायदाच झाला असेल. डीलिस्टिंगची, म्हणजे कंपनीने आपला शेअर बाजारातून काढून घेण्याची, सोडली तर लगेच काही होत नाही, पण पुढे अडकायला होतं.

राइट्सपासून सुरुवात करू, कारण तिथे पैसे गेल्याचं कळतही नाही. रिलायन्सचा २०२० चा इश्यू घ्या. दर १५ शेअरमागे १ नवा शेअर, भाव १२५७ रुपये, आणि त्यातले अर्जासोबत भरायचे फक्त ३१४.२५. इश्यू जाहीर झाला तेव्हा बाजारात शेअर साधारण १४६७ ला होता. आता १५ जुने शेअर १४६७ ने आणि १ नवा १२५७ ने धरून सरासरी काढली तर ती १४५४ च्या जवळ येते. म्हणजे स्वस्त शेअर वाटल्यामुळे प्रत्येक जुन्या शेअरची किंमत हिशेबाने १३ रुपयांनी उतरते. १५० शेअर असणाऱ्याचे असे जवळजवळ दोन हजार रुपये कमी होतात. त्याची भरपाई म्हणून त्याच्या डीमॅट खात्यात १० हक्क जमा होतात, ज्यांना बाजारात आरई म्हणतात. १४५४ मधून १२५७ वजा केले तर एका हक्काची किंमत १९७, दहांची पुन्हा तेच दोन हजार. प्रत्यक्षात व्यवहाराच्या पहिल्याच दिवशी या आरईचा भाव दोनशेच्या आसपास गेला. उरलेले पैसे पुढच्या वर्षी दोन हप्त्यांत भरायचे असल्याने लोक थोडं जास्तही मोजत होते.

म्हणून राइट्समध्ये पर्याय दोनच: अर्ज करा किंवा आरई विका. तिसरा मार्ग, म्हणजे गप्प बसणं, याचा अर्थ ते दोन हजार सोडून देणं. मुदत संपली की आरई खात्यातून नाहीशी होते आणि तिचा एक रुपयाही मिळत नाही.

ठरवायला एक साधी बेरीज पुरते. आरईचा चालू भाव अधिक इश्यूचा भाव ही रक्कम शेअरच्या बाजारभावापेक्षा जास्त असेल, तर आरई विका आणि शेअर हवाच असेल तर बाजारातून घ्या. कमी असेल आणि कंपनी हवी असेल तर अर्ज करा. (हप्त्यांचा इश्यू असेल तर आरई थोडी महाग दिसणारच, तेवढी सूट द्या.) बाजारभावच इश्यूच्या भावाखाली घसरला असेल तर अर्ज करण्यात अर्थ नाही. आणि कंपनी हे पैसे जुनं कर्ज फेडायला मागते आहे की कशात गुंतवायला, हे ऑफर लेटरमधल्या ‘इश्यूचा उद्देश’ या भागात वाचा. दर दोन-तीन वर्षांनी हात पसरणाऱ्या कंपनीची आरई मी तरी विकूनच टाकीन.

गफलत तारखांची होते. आरईचा बाजारातला व्यवहार इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबतो. रिलायन्समध्ये इश्यू ३ जूनला संपला, पण आरई विकायची शेवटची तारीख २९ मे होती. शेवटच्या दिवशी जागं झालेल्याला फक्त अर्जाचा मार्ग उरतो. अर्ज बँकेच्या नेटबँकिंगमधल्या अस्बा सुविधेतून करा, पैसे खात्यातच अडकवले जातात. दुसरी चूक महागडी आहे: बाजारातून आरई विकत घेतली म्हणजे शेअर मिळाला, असं समजणं. तसं नाही. त्यावर वेगळा अर्ज करून इश्यूचा भाव भरावा लागतो, नाहीतर आरईचे पैसेही बुडाले. विकलेल्या आरईवर कर भरताना खरेदीखर्च शून्य धरतात, म्हणजे आलेली सगळी रक्कम अल्पकालीन नफा.

बायबॅकमध्ये मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नका, करानंतर हातात काय राहतं ते पाहा. इन्फोसिसचा २०२५ चा बायबॅक १८०० रुपयांना होता, तेव्हा शेअर साधारण दीड हजाराला होता. रेकॉर्ड डेटला, म्हणजे कोण पात्र हे ठरतं त्या दिवशी, दोन लाखांपर्यंतचे शेअर असलेले छोटे भागधारक, त्यांच्यासाठी १५ टक्के राखीव, आणि प्रमाण ११ शेअरमागे २. ११० शेअर असतील तर २० हमखास जाणार. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने १८०० ही पूर्ण रक्कम लाभांश धरली जात होती. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ५६२ रुपये गेले, उरले १२३८. खरेदी १४०० ची असेल तर ते १४०० भांडवली तोटा म्हणून दाखवता येतात. दुसरा दीर्घकालीन नफा असेल तर त्याने फार तर १८२ रुपयांचा कर वाचतो. एकूण १४२०. सरळ बाजारात विकून त्याला १४८७ च्या जवळ मिळाले असते! ज्याला करच लागत नाही अशा निवृत्त माणसाला मात्र तोच बायबॅक शेअरमागे तीनशे रुपये देऊन गेला. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात बायबॅक पुन्हा भांडवली नफ्यात नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तुमच्या ऑफरच्या तारखेला कोणता नियम लागू आहे ते आधी बघा आणि हीच आकडेमोड त्या नियमाने करा.

डीलिस्टिंगमध्ये बोली लावायची पद्धत असेल तर भागधारक आपापला भाव सांगतात. ज्या भावाला प्रवर्तकांचा हिस्सा ९० टक्क्यांवर पोचतो तो ठरलेला भाव, आणि त्याच्याइतकी किंवा त्याहून कमी बोली लावणाऱ्या सगळ्यांना तोच मिळतो. त्यामुळे शंभर शेअरवाल्याने चढी बोली लावून भाव वाढत नाही, तो फक्त स्वतः बाहेर राहतो. ज्या भावाखाली विकायची खरोखर इच्छा नाही, तो भाव टाका. २०२० मध्ये वेदांतचा किमान भाव ८७.२५ होता आणि एलआयसीने ३२० ची बोली लावली. हवे होते १३४ कोटी शेअर, ग्राह्य बोल्या आल्या साधारण १२५ कोटींच्या. ऑफर फसली, शेअर परत आले आणि बाजारातला भाव कोसळला. केवळ डीलिस्टिंगच्या आशेवर वाढलेला भाव असा टिकत नाही, हे धरून चाला. २०२४ पासून कंपन्यांना ठरावीक भावाचाही पर्याय आहे. तो किमान भावापेक्षा निदान १५ टक्के जास्त असावा लागतो, आणि तिथे तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

ऑफर यशस्वी झाली आणि तुम्ही बाहेर राहिलात तर पुढे एक वर्ष त्याच भावाने शेअर देता येतात. त्या काळात कंपनीचं किंवा रजिस्ट्रारचं पत्र येतं. ते पत्त्याअभावी परत जाऊ नये म्हणून डीमॅट खात्यातला पत्ता, ईमेल आणि बँक खातं आत्ताच तपासा. वर्ष उलटलं की शेअर तुमच्याच नावावर राहतो, पण तो विकायला बाजार उरत नाही.