अमिट्रिप्टिलिनच्या पीकला शेपूट का येतं?

प्रश्न: सी-१८ कॉलम, पीएच ७ चा फॉस्फेट बफर, टेलिंग फॅक्टर २.३. कॉलम बदलू का?

आधी क्रोमॅटोग्राममधले बाकीचे पीक बघा. सगळ्यांनाच शेपूट असेल तर ट्यूबिंगचा सैल जोड किंवा कॉलमच्या तोंडाशी पडलेली पोकळी शोधा. फक्त अमिट्रिप्टिलिनलाच असेल तर दोष सिलॅनॉलचा.

या औषधाचा पीकेए साधारण ९.४, म्हणजे पीएच ७ ला त्यावर धन प्रभार असतो. त्याच पीएचला सिलिकावरचे उघडे सिलॅनॉल ऋण प्रभारित असतात. काही रेणू तिथे चिकटून उशिरा सुटतात, तेच शेपूट.

म्हणून पहिल्यांदा बफर २.७ वर आणा. औषध प्रभारितच राहतं, पण बहुतेक सिलॅनॉलचा प्रभार जातो. पीक लवकर येईल, तेव्हा अ‍ॅसिटोनायट्राइल थोडं कमी करा. पीएच मात्र अ‍ॅसिटोनायट्राइल घालण्याआधीच मोजा. इथे आमच्याकडेही गडबड झाली आहे.

तरीही शेपूट राहिलं तर शुद्ध सिलिकाचा, नीट एंडकॅप केलेला कॉलम घ्या. पीएच १० वर जायचं असेल तर हायब्रिड कॉलमच हवा. साधा सिलिका ८ च्या वर विरघळू लागतो.

नमुना निव्वळ मिथेनॉलमध्ये असेल तर तो मोबाइल फेजमध्ये विरळ करून, २० ऐवजी ५ मायक्रोलिटर इंजेक्ट करून बघा. तीव्र द्रावकाने सहसा पीक पुढून फुगतो किंवा दुभंगतो, आणि लवकर येणाऱ्या पीकवर ते जास्त दिसतं. विरळ केल्यावर शेपूट आखडलं, तर कॉलमवर माल जास्त होत होता.