वयोगटांवरून अवलंबित्व गुणोत्तर कसे काढायचे?

प्रश्न: वयोगटांची आकडेवारी दिली आहे. अवलंबित्व गुणोत्तर कसं काढू, आणि एक कमावणारा किती जणांना पोसतो हे त्यावरून कळतं का?

उत्तर: समजा, ० ते १४ वयाचे ३०० जण आहेत, १५ ते ६४ चे ६०० आणि ६५ व त्यापुढचे ९०. मुलं आणि वृद्ध मिळून ३९०. त्याला ६०० ने भागून १०० ने गुणलं की ६५ येतं. म्हणजे कामाच्या वयातल्या दर १०० जणांमागे ६५ अवलंबित. बरेच जण इथे एकूण लोकसंख्येने, म्हणजे ९९० ने भागतात आणि ३९ काढतात. ते लोकसंख्येतलं प्रमाण झालं, हे गुणोत्तर नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र सावध उत्तर द्यावं लागेल. हे गुणोत्तर फक्त वय पाहतं, कमाई नाही. त्या ६०० पैकी विद्यार्थी, बेरोजगार, घर सांभाळणारे वगळून ४०० जणच कमावते असतील आणि बाकी कुणीच कमवत नसेल, तर ४०० जणांवर ५९० जणांचा भार पडतो, म्हणजे प्रत्येकावर जवळपास दीड माणसाचा. ६५ या आकड्यात हे दिसतच नाही.

शिवाय ६५ ची फोड जरूर करा: इथे मुलांचे ५०, वृद्धांचे १५. हेच उलटं असतं तर खर्च शाळांऐवजी पेन्शन आणि औषधोपचारांकडे वळला असता. काही ठिकाणी ६४ ऐवजी ५९ ची मर्यादा धरतात, तेव्हा तुलना करण्याआधी गट तपासा.