जळगावच्या बाजारपेठेच्या प्रभागात दिवसा एवढी गर्दी, मग जनगणनेत लोकसंख्या इतकी कमी कशी?

जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, दुकानात किंवा ऑफिसात नाही, म्हणून. २०११ ची संदर्भवेळ होती १ मार्चची मध्यरात्र. तेव्हा बाजाराची शटरं खाली असतात. भुसावळहून सकाळच्या गाडीने येणारा मुनीम भुसावळच्याच खात्यात जातो.

दिवसाची लोकसंख्या काढायची तर रहिवाशांतून बाहेर कामाला जाणारे वजा करा आणि बाहेरून कामाला येणारे मिळवा. समजा, प्रभागात ४,००० रहिवासी आहेत, १,५०० बाहेर जातात, ९,००० येतात: दिवसा ११,५००. खाली दुकान, वर घर असलेला व्यापारी मात्र वजाही होत नाही आणि मिळवायचाही नाही. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण दुकानांतली सगळी माणसं मोजली की तो दोनदा धरला जातो.

लंडनच्या ‘सिटी’ या बँका-कचेऱ्यांच्या छोट्या भागात २०२१ ला रहिवासी जेमतेम ८,६०० होते, कामाला येणारे पाच लाखांहून जास्त.

फक्त या सूत्रात गिऱ्हाईक येत नाही. लग्नसराईत बस्ता बांधायला चोपड्याहून आलेलं अख्खं कुटुंब त्यात शून्य, पण पार्किंग आणि मुतारी त्यांनाही लागतेच.